बहिणीची सही

वडील जाऊन महिना-दोन महिने होतात आणि सासरी असलेल्या बहिणीला भावाचा फोन येतो. "ताई, एकदा तालुक्याला यावं लागेल. वारस नोंदीची सही राहिली आहे." ताई येते. भावाने गाडी ठरवलेली असते. दस्तलेखकाने कागद आधीच तयार ठेवलेला असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा होतो, कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो. "स्वखुशीने देताय ना?" असा प्रश्न येतो आणि भाऊ शेजारीच उभा असताना ती मान डोलावते. संध्याकाळी साडी घेऊन ती परत निघते.

या प्रसंगातली मेख अनेक बहिणींना वर्षानुवर्षे कळत नाही. वारस नोंदीला दुय्यम निबंधकाकडे जावेच लागत नाही. ती तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन होते. बहिणीला निबंधक कार्यालयात नेले जाते तेव्हा तिथला कागद बहुतेक वेळा हक्कसोडपत्राचा असतो. वारस नोंदीने तिचे नाव सातबाऱ्यावर चढते. हक्कसोडपत्राने ते उतरते.

मुळात तिचे असते किती, हे एका खऱ्या खटल्यातून पाहता येईल. सांगलीच्या दिवाणी न्यायालयात 1960 च्या दशकात एका विधवा आईने मुलांविरुद्ध वाटणीचा दावा लावला. वडील 1960 मध्ये वारले होते. मागे ती, दोन मुलगे आणि तीन मुली. घरे, जमीन, दुकाने अशी एकत्र कुटुंबाची मिळकत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1978 मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी त्याचा निकाल दिला. हिशेब असा होता. वडील वारण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असे धरायचे. त्या वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे यांना चौथा-चौथा हिस्सा. मुलींना त्यात काही नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात मुलगी सहदायाद नव्हती, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्माने हक्क नव्हता. मग वडिलांचा चौथा हिस्सा सहा वारसांत सारखा वाटायचा. मुलींच्या वाट्याला आले ते एवढेच.

ही मिळकत 24 एकर जमीन असती असे धरले, तर त्या हिशेबाने आईला 7 एकर, प्रत्येक मुलाला 7 एकर आणि प्रत्येक मुलीला 1 एकर मिळाली असती. हे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरचे चित्र होते. मुलींना 'समान वारस' म्हटले गेले होते, पण समानता फक्त वडिलांच्या तुकड्यापुरती होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे अर्धे काम नको होते. त्यांनी हिंदू कोड बिल मांडले त्यात मुलीचा वाटा मुलाइतका होता. त्या बिलाला झालेला विरोध आणि झालेली दिरंगाई हे त्यांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडण्याचे एक मुख्य कारण होते. महाराष्ट्राने पुढे 1994 मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलींना जन्मतः हक्क दिला, पण कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांचे लग्न झाले होते त्यांना वगळले. थोरलीचे लग्न आधी झाले म्हणून ती बाहेर आणि धाकटी आत, असे एकाच घरात घडू लागले. देशभरासाठी ही भिंत पडली ती 9 सप्टेंबर 2005 रोजी. तेव्हापासून मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलासारखीच सहदायाद आहे. वडील त्या तारखेआधी वारले असतील तर काय, यावर पंधरा वर्षे उलटसुलट निकाल येत राहिले. अखेर 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की हक्क जन्माने आहे, त्यामुळे 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. त्या खटल्यातल्या मुलीचे वडील 1999 मध्ये वारले होते.

आता तोच सांगलीचा हिशेब आजच्या कायद्याने करू. आधीच्या कल्पित वाटणीत वडील, आई आणि पाच मुले असे सात हिस्से. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत वाटला की प्रत्येकाला सहावा हिस्सा येतो. 24 एकरांत प्रत्येकी 4 एकर. हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण 1 एकर सोडत होती, ती आता 4 एकर सोडते. कायदा बदलल्यावर सहीचा आग्रह वाढला असेल, तर त्याचे कारण या आकड्यांत आहे.

सही मागताना जी भाषा वापरली जाते ती कायद्याची नसते. "तुझ्या लग्नात काय कमी केलं?" "तुझं सासरचं चांगलं आहे, भावाच्या पोटावर पाय देतेस?" "हिस्सा घेतलास तर माहेर तुटेल." या वाक्यांमागे एक जुना व्यवहार आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय बहिणी सही का करतात हे कळणार नाही. लेकीला जमीन द्यायची नाही, पण लग्न लावून द्यायचे, पहिले बाळंतपण माहेरी करायचे, दिवाळी-भाऊबीजेला बोलावायचे, चोळी-बांगडी करायची आणि सासरी काही वाईट घडलेच तर दार उघडे ठेवायचे, असा तो अलिखित करार. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी दक्षिण आशियातील बायका आणि जमीन यांच्यावरच्या आपल्या 1994 च्या ग्रंथात दाखवले आहे की बहीण हिस्सा सोडते तेव्हा ती बहुधा भोळेपणाने सोडत नाही. नवरा वारला, टाकले, मारहाण झाली तर उभे राहायला एकच जागा असते, ती भावाचे घर. त्या दाराची किंमत म्हणून ती जमीन देऊन टाकते.

म्हणून "ती स्वतःहून सोडते, आम्ही काही म्हणत नाही" हे वाक्य पुरेसे नाही. जिला दुसरा आधारच नाही तिचे 'स्वतःहून' किती मोकळे असते? आणि करारातली एक बाजू नोंदणी होऊन पक्की होते, दुसरी तोंडीच राहते. भावाला मिळालेल्या 4 एकरांवर उद्या कोणी हात ठेवू शकत नाही. बहिणीला मिळालेले 'दार' मात्र भावजयीच्या मर्जीवर, भावाच्या कर्जावर, पुढच्या पिढीच्या स्वभावावर अवलंबून असते. भाऊ वारला तर पुतण्याने आत्याची भाऊबीज करावी असे कुठे लिहिलेले नसते.

लग्नाच्या खर्चाचा मुद्दा वारंवार येतो, म्हणून त्याचाही नीट विचार व्हायला हवा. लग्नावरचा बराचसा पैसा मांडव, जेवणावळ, मानपान यांवर जातो, तो मुलीच्या नावे राहत नाही. हुंडा दिला असेल तर तो 1961 पासून गुन्हा आहे आणि तो घेतला सासरच्यांनी. घरच्या पैशाने मुलाचेही शिक्षण होते, त्याचेही लग्न होते, कधी त्याच्या नोकरीसाठी पैसे भरले जातात. ते त्याच्या हिश्शातून कोणी वजा करत नाही. मुलीला खरोखरच दागिने किंवा फ्लॅट दिला असेल आणि तो तिच्या नावावर असेल, तर भावंडांनी समोरासमोर बसून तो हिशेबात धरावा, त्यात अन्याय नाही. पण मग वही दोन्ही बाजूंनी लिहिली पाहिजे.

भावाच्या बाजूने एक दावा मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. जो गावात राहिला, ज्याने विहिरीचे कर्ज फेडले, ठिबक केले, आईवडिलांची आजारपणे काढली, त्याला "कायद्याने सगळे सारखे" हे ऐकून राग येतो. जमीन तीन-चार एकरांची असेल तर तिचे तुकडे होऊन कोणाचेच पोट भरणार नाही, हीही भीती खोटी नाही. पण या दाव्याचे उत्तर बहिणीचा हिस्सा शून्य करणे हे नाही. विहीर आणि ठिबकवर घातलेला पैसा मोजता येतो, तो तिच्या हिश्शातून वळता करता येतो. आईवडिलांची सेवा बहुतेक घरांत सून करते. तिची किंमत नणंदेच्या जमिनीतून काढायची आणि त्या सुनेचे नाव मात्र सातबाऱ्यावर कुठेच नाही, ही कसली भरपाई? तुकडे होऊ नयेत अशी इच्छा असेल तर कायद्याने त्यासाठी वाट ठेवली आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे एका वारसाला आपला हिस्सा विकायचा झाला तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क उरलेल्या वारसांचा आहे. किंमत जमली नाही तर ती न्यायालय ठरवते. शेतजमिनीलाही हे लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले. म्हणजे भावाने बहिणीचा हिस्सा पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी विकत घ्यावा, जमीन एकत्र राहील आणि बहिणीच्या हाती पैसे येतील. हा मार्ग माहीत असलेली घरे फार थोडी दिसतात.

आता महसुली कागदांकडे वळू, कारण बहिणीचे नाव गळते ते बहुतेकदा तिथेच. वारस नोंद तीन महिन्यांच्या आत कळवायची असते. तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. कागदावर हे नीट आहे. प्रत्यक्षात वारसांची यादी भाऊ देतो, तिच्यात बहिणीचे नावच नसते किंवा तिचा पत्ता माहेरचाच टाकलेला असतो, त्यामुळे नोटीस भावाच्याच हाती पडते.

दुसऱ्या दोन वाटा जुन्या सातबाऱ्यांवर आजही दिसतात. एक म्हणजे थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिणे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो सगळ्यांच्या वतीने धरणारा असतो, एकटा मालक नव्हे. पण दहा-वीस वर्षांत ती तीन अक्षरे विसरली जातात आणि फक्त नाव उरते. दुसरी वाट म्हणजे भावांची नावे भोगवटादारांत आणि बहिणींची 'इतर अधिकार' या रकान्यात लिहिणे. तिचे नाव सातबाऱ्यावर आहे एवढे पाहून ती निश्चिंत राहते, मात्र व्यवहार भोगवटादारांच्या नावाने होत राहतात. 2025 मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. अशा वेळी वर्षानुवर्षे पडून राहिलेली यादी पुन्हा उघडते आणि आत्या, बहिणी, त्यांची मुले अशी नावे समोर येतात.

2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिवाटीच्या शेतखात्यांपैकी सुमारे 14 टक्के महिलांकडे होती. 2005 चा कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. शेतात खुरपणी, वेचणी, काढणी कोण करते हे महाराष्ट्रात कोणालाही सांगावे लागत नाही.

फेरफाराबद्दल एक दिलासाही आहे. फेरफार नोंद ही महसूल गोळा करण्यासाठी असते, ती मालकी देत नाही आणि घेतही नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. नाव लागले नाही म्हणून हक्क बुडत नाही. तलाठ्यासमोर दिलेला "मला हिस्सा नको" असा साधा जबाब किंवा नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र यानेही जमिनीतला हक्क सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीबद्दल मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडपत्राला सहसा अर्थ नसतो, कारण जे अजून मिळालेलेच नाही ते सोडता येत नाही. तिने त्या बदल्यात मोबदला घेतला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आणि वडिलांच्या मिळकतीचे हक्कसोडपत्र आईच्या हिश्शाला लागू होत नाही. सांगलीच्या हिशेबातली आईची 4 एकर तिच्यामागे पुन्हा पाचही मुलांत वाटली जाईल, अर्थात तिने मृत्युपत्र केले नसेल तर. म्हणूनच काही घरांत बहिणींना दुसऱ्यांदा फोन येतो.

पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झाले की ते मोडणे अवघड. दस्त खरा आहे असे न्यायालय आधी धरून चालते. फसवणूक झाली, वाचून दाखवले नाही, दबाव होता हे दाखवण्याचा भार सहसा बहिणीवर येतो. कागदाचे खरे स्वरूप कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो. न्यायालयासमोर अशा वेळी काही गोष्टी बोलक्या ठरू शकतात: सही वडील गेल्यावर किती दिवसांत घेतली, बहिणीला वाचता येते का, तिच्याबरोबर सासरचे किंवा तिचे स्वतःचे कोणी होते का, साक्षीदार दोघेही भावाच्या बाजूचे होते का, मोबदला लिहिला आहे तो कधी बँकेत जमा झाला का. दबाव ओळखायचा असेल तर घरच्यांनीही हेच प्रश्न स्वतःला विचारावेत.

कायद्याच्या मर्यादाही लपवू नयेत. वडील आपली स्वकष्टार्जित मिळकत आणि वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने फक्त मुलांना देऊ शकतात, मुलीला त्यात काही करता येत नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली वाटणी मोडता येत नाही. "आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती" असा बचाव भाऊ घेतात, पण विनीता शर्मा निकालानंतर नुसत्या तोंडी साक्षीवर तो टिकत नाही, त्याला सरकारी कागदांचा आधार लागतो. वडील 1956 पूर्वीच वारले असतील आणि मागे आई असेल, तर मुलीला त्या वारशात हक्क नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले आहे. हे सारे हिंदू कायद्यापुरते. मुस्लीम आणि ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचे वेगळे नियम आहेत.

गोव्यात गोष्ट वेगळी आहे आणि ती पाहण्यासारखी आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून तिथे मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत, आणि आईबापांना आपली अर्धीच मिळकत मर्जीप्रमाणे देता येते. उरलेली अर्धी मुलांची ठरलेली असते. मृत्युपत्राने मुलीला पूर्ण वगळण्याची वाट गोव्यात अशी रोखली आहे. महाराष्ट्राला ही तरतूद माहीत तरी असावी.

रूढीचे नाव घेणाऱ्यांना आपल्याच परंपरेतली एक गोष्ट सांगायला हवी. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातले नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात काशीत 'व्यवहारमयूख' लिहिला आणि मुंबई इलाख्यात तो मोठा प्रमाणग्रंथ ठरला. मुलगे किंवा विधवा नसताना मुलीला वारसा मिळाला तर इतर बहुतेक प्रांतांत ती हयातीपुरतीच धारक असे. मुंबई इलाख्यात मात्र ती पूर्ण मालक होई, आणि बहिणीलाही वारसांत जागा होती. लेकीच्या हाती पूर्ण मालकी ही इथल्या रूढीला परकी गोष्ट नव्हती. मुलगे असताना तिला मागे ठेवले गेले, एवढेच. आणि नेमके तेवढेच 2005 मध्ये दुरुस्त झाले.

बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या पाहणीत ज्या विवाहित बायकांच्या नावावर काहीच नव्हते त्यांच्यापैकी 49 टक्के जणींना नवऱ्याची मारहाण सोसावी लागली होती. ज्यांच्या नावावर जमीन आणि घर दोन्ही होते त्यांच्यात हे प्रमाण 7 टक्के होते. संकटात माहेरचे दार उघडे राहावे म्हणून जी जमीन बहीण सोडते, तीच जमीन तिच्या नावावर राहिली तर ते संकट टळण्याची शक्यता वाढते.

तेव्हा ज्या घरात असा कागद तयार होत असेल तिथल्या भावाने एवढे तरी करावे. कागदाची प्रत बहिणीला आठ दिवस आधी तिच्या घरी पाठवावी, तिला तिच्या वकिलाकडून वाचून घेऊ द्यावी आणि तिचा हिस्सा किती एकर किंवा किती गुंठे होतो तो आकडा कागदावर लिहावा. बहिणीने सातबारा आणि फेरफाराची नक्कल स्वतः काढावी, 'इतर अधिकार' हा रकाना पाहावा, आणि वारस नोंदीसाठी कोणी दुय्यम निबंधकाकडे नेऊ लागले तर सही करण्याआधी कागदाचे शीर्षक वाचावे.